वर्गणी आली, कमाई अजून बाकी

मासिकाची वार्षिक वर्गणी भरली की प्रकाशकाच्या बँकेत पैसे जमा होतात, पण त्या दिवशी त्याने त्यातलं काहीच कमावलेलं नसतं. बारा अंक द्यायचे बाकी असतात. म्हणून हिशेबात ही रक्कम उत्पन्नात न धरता वाचकांचं देणं म्हणून धरतात.

समजा, एका मासिकाने सप्टेंबरात 400 वाचकांकडून प्रत्येकी 720 रुपये घेतले आणि अंक ऑक्टोबरपासून सुरू केले. रोजकीर्दीत नोंद होते ती अशी: बँक खाते नावे 2,88,000, आगाऊ वर्गणी खाते जमा 2,88,000. पुढे दर महिन्याला अंक रवाना झाला की त्या अंकाच्या वाट्याची रक्कम आगाऊ वर्गणी खात्याला नावे टाकून वर्गणी उत्पन्न खात्यात जमा करायची.

पण अंकाचा वाटा किती? बाराने भागलं तर महिन्याला 24,000 येतात. सगळे अंक सारख्या किमतीचे असतील तर हे बरोबरच आहे. मराठी मासिकाला मात्र दिवाळी अंक असतो. आपल्याकडच्या लेखा मानक 9 मध्ये याची सोय आहे: अंकांचं मूल्य वेगवेगळं असेल, तर वर्गणी त्यांच्या विक्रीमूल्याच्या प्रमाणात वाटायची. मला दिवाळी अंक काढणाऱ्या मासिकांसाठी हीच पद्धत योग्य वाटते.

आपल्या मासिकाचा साधा अंक 50 रुपयांचा आणि दिवाळी अंक 250 रुपयांचा आहे असं धरू. अकरा साधे आणि एक दिवाळी मिळून 800 रुपये होतात, वाचकाने दिले 720. म्हणजे साध्या अंकाच्या वाट्याला 45 आणि दिवाळी अंकाच्या वाट्याला 225 रुपये. नोंदी साध्या महिन्यात 18,000 च्या होतील, तर नोव्हेंबरात दिवाळी अंक निघाला की एकदम 90,000 ची. 31 मार्चपर्यंत उत्पन्न 1,80,000 होतं आणि 1,08,000 पुढच्या वर्षासाठी देणं म्हणून ताळेबंदात राहतात. सरसकट बाराने भागलं असतं तर देणं 1,44,000 दिसलं असतं. दिवाळी अंकाचा छपाईखर्च या वर्षात आणि त्याच्या कमाईचा काही भाग पुढच्या वर्षात, असा हा घोळ आहे.

चूक बहुतेक वेळा वेगळ्याच ठिकाणी होते. वर्गणीदार वर्षभर येत राहतात. कुणाचं वर्ष ऑक्टोबरात सुरू होतं, कुणाचं जानेवारीत, आणि कारकून सगळ्यांची रक्कम एकाच ढिगात टाकून महिन्याला बारावा भाग काढत राहतो. हे पकडायचं तर महिनाअखेरीस वर्गणीदारांची यादी घ्यावी, प्रत्येकाला अजून कोणते अंक द्यायचे आहेत ते पाहावं आणि त्यांच्या वाट्याची बेरीज करावी. ती आगाऊ वर्गणी खात्यातल्या शिलकीशी जुळलीच पाहिजे.

हीच यादी वर्गणी परत करतानाही उपयोगी पडते. जानेवारीचा अंक मिळाल्यावर एखाद्याने वर्गणी बंद केली आणि उरलेल्या अंकांचे पैसे परत द्यायचे ठरले, तर आठ साधे अंक बाकी म्हणून त्याला 360 रुपये द्यायचे. हे पैसे आगाऊ वर्गणी खात्यातून जातात. आधी नोंदलेल्या उत्पन्नाला हात लावावा लागत नाही.