सहीच्या वरच्या रिकाम्या जागा

‘माझा पाल्य स्पर्धेसाठी बाहेरगावी जात असून प्रवासात किंवा खेळताना काही दुखापत अथवा अपघात झाल्यास त्याची संपूर्ण जबाबदारी माझी राहील. शाळेची कोणतीही जबाबदारी राहणार नाही.’ शालेय क्रीडा स्पर्धांच्या दिवसांत अशा मजकुराचा कागद घरोघरी येतो. बहुतेक वेळा तो निघण्याच्या आदल्या संध्याकाळी येतो आणि दप्तर भरता भरता त्यावर सही होते. शाळेला वाटतं आपण सुटलो. पालकांना वाटतं आपण हक्क लिहून दिला. दोघांचाही समज चुकीचा आहे.

मूल शाळेच्या ताब्यात असताना त्याची वाजवी काळजी घेणं हे शाळेचं कर्तव्य आहे आणि एका ओळीच्या हमीपत्राने ते पुसलं जात नाही. १९९५ साली पठाणकोटजवळच्या एका शाळेची सहल बियास नदीकाठी गेली होती. तिथे १४ मुलं बुडाली. हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि २००१ मध्ये न्यायालयाने प्रत्येक मुलाच्या पालकांना पाच लाख रुपये भरपाई देण्याचा उच्च न्यायालयाचा आदेश कायम ठेवला. मुलांना नेणाऱ्या शिक्षकांनी घ्यायला हवी होती ती काळजी घेतली नाही, हा त्यातला मुख्य मुद्दा होता. शिवाय दुखापत झालेल्या मुलाचा स्वतःचाही हक्क असतो. आईवडिलांच्या सहीने तो संपत नाही आणि दाव्याची मुदतही साधारणपणे मूल सज्ञान झाल्यावर मोजली जाते.

मग या कागदाला काही अर्थच नाही का? अर्थ आहे. कबड्डीत चढाई करणाऱ्या मुलीवर चार-पाच जणी झेपावतात. मैदान नीट आखलेलं, पंच जागेवर, शिक्षक हजर, तरीही खांदा निखळू शकतो. खेळाच्या अंगचाच असा धोका पालकांना आधी सांगितला होता आणि त्यांनी समजून होकार दिला होता, हे दाखवायला संमतीपत्र उपयोगी पडतं. त्यासाठी धोके नावानिशी लिहिलेले हवेत. ‘काही अपघात झाल्यास’ या शब्दांतून पालकांना काहीच कळत नाही. ‘कबड्डीत गुडघा, घोटा, खांदा, बोटं यांना दुखापत होऊ शकते, क्वचित डोक्यालाही मार लागतो,’ असं लिहिलं तर आई निदान विचारते, की डोक्याला लागलं तर तुम्ही काय कराल? त्याचं उत्तर शाळेकडे तयार असायला हवं: मुलगी लगेच मैदानाबाहेर, त्या दिवशी पुन्हा खेळणं नाही, आणि उलट्या, वाढती डोकेदुखी, गुंगी किंवा असंबद्ध बोलणं दिसलं तर थेट रुग्णालय.

एक उदाहरण घेऊ. समजा, गडचिरोली जिल्ह्यातल्या आरमोरीच्या एका शाळेचा १७ वर्षांखालील मुलींचा कबड्डी संघ जिल्ह्यात पहिला आला आणि विभागीय स्पर्धेसाठी नागपूरला निघाला. पहाटेची एसटी, ब्रह्मपुरी, नागभीड, उमरेड करत काही तासांचा प्रवास, रात्री एका शाळेच्या वर्गखोल्यांत मुक्काम, दुसऱ्या दिवशी लागोपाठ सामने. संघातल्या एका मुलीला सिकलसेल आहे. पूर्व विदर्भात हा आजार अनोळखी नाही. घरच्यांना तो माहीत आहे, शाळेला नाही.

आता या प्रवासात काय घडतं ते पाहा. वाटेत धड स्वच्छतागृह मिळणार नाही म्हणून मुली सकाळपासून पाणीच पीत नाहीत. हे बाहेरगावी संघ नेणाऱ्या कोणत्याही शिक्षिकेला विचारा. रात्री डिसेंबरची थंडी, फरशीवर पातळ सतरंजी. सकाळी अंगाची लाही होईपर्यंत दमछाक. पाणी कमी पडणं, थंडी आणि अतिश्रम या तिन्ही गोष्टी सिकलसेलच्या रुग्णाला तीव्र वेदनेच्या झटक्याकडे नेऊ शकतात. संध्याकाळी मुलीचे पाय आणि पाठ असह्य दुखायला लागते. शिक्षिकेला वाटतं, खेळून अंग दुखतंय. ती बाम चोळते आणि झोप म्हणते. ताप आला, छातीत दुखायला लागलं, दम लागला, तर तिथे वाया गेलेला प्रत्येक तास महागात पडतो. संमतीपत्रावर एक ओळ असती, तर मुलीला डॉक्टरांनी खेळायला परवानगी दिली आहे का हे आधीच विचारता आलं असतं. जाताना पाण्यासाठी आणि लघवीसाठी ठरवून थांबता आलं असतं, जाड पांघरूण नेता आलं असतं आणि दुखणं सुरू होताच रुग्णालयात पहिलंच वाक्य योग्य बोललं गेलं असतं.

ती ओळ का लिहिली गेली नाही, हे मला इथे सर्वांत महत्त्वाचं वाटतं. शाळेने विचारलं नाही, हे एक कारण. विचारलं असतं तरी घरच्यांनी लिहिलं असतं का? मुलीला संघातून काढतील ही भीती असते आणि पुढे लग्नाच्या वेळी गोष्ट निघेल ही त्याहून मोठी. त्यात हे कागद वर्गातलीच एखादी मुलगी गोळा करते आणि देता देता वाचते. फिट, दमा, मासिक पाळीचा त्रास, सगळ्यांचं हेच होतं. म्हणून आरोग्याची माहिती वेगळ्या कागदावर, बंद पाकिटात, थेट सोबत जाणाऱ्या शिक्षिकेकडे द्यायची सोय हवी. ती माहिती एकटीच्या जोरावर मुलीला वगळायला वापरणार नाही, डॉक्टरांचं मत घेऊ, हेही त्यात लिहायला हवं. ज्या घरात वाचता येत नाही तिथे कागद वाचून, त्यांच्या बोलीत समजावून मगच अंगठा घ्यावा. त्यासाठी आठवडाभर आधी कागद घरी पोचला पाहिजे.

रक्तगटाची चौकट मात्र प्रत्येक फॉर्मवर असते. तिचा उपयोग थोडा, कारण रक्त चढवण्यापूर्वी रुग्णालय स्वतः तपासणी करतंच. रोजची औषधं, कोणत्या औषधाची ॲलर्जी, इन्हेलर कुणाच्या पिशवीत, या ओळी कितीतरी अधिक कामाच्या आहेत. तसाच फोन नंबर. वडील दिवसभर शेतात किंवा रेंज नसलेल्या गावी असतील, तर रात्री दोनला नक्की उचलला जाईल असा दुसरा नंबर हवा.

उपचाराच्या संमतीबद्दलही स्पष्टता हवी. जीव धोक्यात असेल तर डॉक्टरांना पालकांच्या सहीची वाट पाहावी लागत नाही आणि तातडीचे उपचार नाकारता येत नाहीत. १०८ ला फोन करायलाही कुणाची परवानगी लागत नाही. पण मोडलेल्या हाताची शस्त्रक्रिया आज करायची की घरी नेऊन, असा प्रश्न आला तर ‘योग्य ते उपचार करावेत’ ही मोघम ओळ पुरत नाही. तिथे पालकांशी बोलूनच ठरतं. प्रथमोपचार, तपासणी, एक्स-रे आणि तातडीचे उपचार शिक्षिका करून घेऊ शकतील, इतकं लिहून घेणं रास्त आहे.

प्रवास कशाने, हेही कागदावर असावं. एसटी किंवा पिवळ्या पाटीचं प्रवासी वाहन असेल तर ठीक. ओळखीतल्या कुणाची पांढऱ्या पाटीची गाडी भाड्याने घेतली आणि अपघात झाला, तर विमा कंपनी अटीचा भंग दाखवून पैसे नाकारू शकते.

शाळेकडून केवळ जबाबदारी झटकणारी ओळ आली, तर पालकांनी ती खोडून भांडत बसायची गरज नाही. खाली पेनने मुलीचं आजारपण, औषधं आणि दोन नंबर लिहावेत, सोबत कोणत्या शिक्षिका आहेत, मुक्काम कुठे आहे हे विचारून तेही टिपावं आणि पानाचा फोटो काढून ठेवावा. मूळ कागद शिक्षिकेच्या हातातल्या पिशवीत जावा, एक प्रत शाळेत रात्री फोन उचलणाऱ्या माणसाकडे राहावी. संघ परतला की आरोग्याचं पाकीट पालकांना परत द्यावं.