लॅपटॉप ‘मेला’ म्हणण्याआधी

बटण दाबले तरी दिवा नाही, पंख्याचा आवाज नाही. पूर्वी अशा वेळी लॅपटॉपची बॅटरी काढून परत बसवत. आता ती आत बंदिस्त असते. म्हणून तेच काम बटणाने करायचे.

अनेकदा बॅटरी आणि चार्जिंग सांभाळणारी आतली चिप अडकलेली असते. चार्जर, माऊस, पेनड्राइव्ह सगळे काढा. पॉवर बटण सलग ३० सेकंद दाबून धरा, सोडा. मग चार्जर लावून नेहमीसारखे सुरू करा. काही मॉडेलांत तळाशी रीसेटचे बारीक छिद्र असते. तिथे सरळ केलेली पेपरक्लिप हलकेच दाबतात.

तरीही हालचाल नसेल, तर चार्जरवरचे ‘Output’ वाचा. मूळ चार्जरवर २० व्होल्ट, ३.२५ अँपिअर असेल, तर गुणाकार ६५ वॅट. घरातला मोबाइलचा टाइप-सी चार्जर ९ व्होल्ट, २ अँपिअरचा, म्हणजे १८ वॅटचा. पिन बसते, पण असा लॅपटॉप त्यावर चार्जच होत नाही किंवा अगदी संथ होतो. टाइप-सीमध्ये जास्त वॅटचा चांगला चार्जर चालतो, कारण लॅपटॉप हवी तेवढीच वीज घेतो. गोल पिनच्या चार्जरचे व्होल्ट मात्र जुळलेच पाहिजेत.

योग्य चार्जर अर्धा तास लावून पुन्हा रीसेट करा. टचपॅड वर उचललेला किंवा तळ फुगलेला दिसला, तर यातले काहीही करू नका. चार्जर काढा आणि थेट सर्व्हिस सेंटर गाठा.