ओळीच्या तोंडाशी तोच शब्द

निषेधाच्या कवितेत कधी कधी ओळींमागून ओळी एकाच शब्दाने उघडतात. याला अनाफोरा म्हणतात, म्हणजे ओळीच्या आरंभी केलेली पुनरुक्ती.

अमेरिकन कवी ॲलन गिन्सबर्ग यांच्या ‘हाउल’ (१९५६) या कवितेच्या पहिल्या भागात बहुतेक लांबलचक ओळी ‘हू’ने, म्हणजे आपल्या ‘जे’ने सुरू होतात. ताल सांभाळायला आपण या शब्दावर विसंबलो, असे त्यांनीच सांगितले आहे. ओळ कितीही भरकटली तरी तिथे परतायचे आणि नवी झेप घ्यायची.

आपण मराठीत असे लिहायला बसलात, की पहिली अडचण शब्द निवडतानाच येते. ‘जे आले’ ठीक; पण पुढे ‘ज्यांनी मागितले’ म्हणावे लागते आणि ठेका मोडतो. ‘आम्ही’ मात्र टिकतो: आम्ही आलो, आम्ही मागितले. तोही ‘आम्हाला’ किंवा ‘आमचे’ झाला की बिघडतोच. म्हणून प्रत्येक ओळीत ‘आम्ही’ काहीतरी करणारे हवेत, नुसते सोसणारे नकोत. व्याकरणाची ही सक्ती मला तरी फायद्याची वाटते.

‘आम्ही’ घ्यायचे की ‘आपण’, हेही आधी ठरवावे. ‘आपण’मध्ये ऐकणारा आत येतो, ‘आम्ही’मध्ये तो समोर उभा राहतो. पाण्यासाठी कचेरीवर मोर्चा नेलात आणि साहेबांपुढे ‘आपण’ म्हणालात, तर साहेबही तहानलेल्यांत जमा होतात!

आता ओळी रचू. उदाहरणापुरत्या या माझ्याच:

आम्ही पहाटे तीनला हंडे मांडले.
आम्ही सहाला रिकामेच उचलले.
आम्ही अर्ज दिला, पोच घेतली, पोच पेटीत ठेवली आणि पुढच्या उन्हाळ्यात तोच अर्ज पुन्हा लिहिला.
टँकर आला तो साहेबांच्या दौऱ्याला.

पहिल्या दोन ओळी आखूड आहेत, कारण ठेका आधी कानात बसावा लागतो. तो बसला की तिसरी ओळ लांबली तरी चालते. तिची दमछाक हीच अर्जाची दमछाक. सगळ्या ओळी एकाच मापाच्या केल्यात, तर कविता हजेरीपटासारखी वाजू लागते.

सर्वांत जास्त फसगत क्रमात होते. ओळींची अदलाबदल करून पाहा. काहीच बिघडले नाही, तर ती तक्रारींची यादी झाली. इथे दुसरी ओळ आधी आणली, तर हंडे मांडण्यापूर्वीच उचलले जातात.

शेवटी चारजणांना जमवून मोठ्याने म्हणा. कागद एकाच्याच हातात असू द्या. दुसऱ्या ओळीनंतरच्या श्वासात बाकीचे आपोआप ‘आम्ही’ म्हणू लागतील, कारण पुढचा शब्द त्यांना आता ठाऊक असतो. तसे झाले नाही, तर ओळीनंतर थांबायला जागा उरलेली नाही असे समजावे. आणि चौथ्या ओळीला, सगळ्यांनी ‘आम्ही’साठी तोंड उघडलेले असताना, एकटा वाचणारा ‘टँकर’ म्हणतो.