२५ मिलिसेकंदांचा कल

झाक-आंरी लार्तिग या फ्रेंच छायाचित्रकाराने पहिल्या महायुद्धाच्या थोडे आधी मोटारींच्या ग्रां प्री शर्यतीत काढलेले एक छायाचित्र जगभर ओळखले जाते. भरधाव मोटार चौकटीबाहेर निघाली आहे. तिचे चाक गोल नाही. पुढच्या दिशेला झुकलेले लंबवर्तुळ झाले आहे. मागे रस्त्याकडेला उभे असलेले प्रेक्षक मात्र उलट्या दिशेला कलले आहेत. त्या कॅमेऱ्याचे शटर म्हणजे पडद्यातली एक आडवी फट होती. ती काचेवरून सरकत गेली, म्हणून चित्राच्या वरच्या आणि खालच्या भागावर प्रकाश एकाच क्षणी पडला नाही. लार्तिग मोटारीबरोबर कॅमेरा फिरवत होता, पण मोटारीइतक्या वेगाने नाही. त्यामुळे कॅमेऱ्याच्या दृष्टीने मोटार पुढे पळत होती, तर प्रेक्षक मागे पळत होते. दोघे विरुद्ध बाजूंना कलण्याचे कारण एवढेच.

आज खिशातल्या फोनमध्ये फट नाही, पडदाही नाही. तरीही मिरवणुकीत फोन झर्रकन एका बाजूला फिरवला की इमारतींच्या कडा कलतात आणि हात थांबता थांबता सगळे दृश्य खरवसासारखे लिबलिबते. कारण तेच जुने आहे. फोनचा सीमॉस सेन्सर चित्र एका दमात उचलत नाही. ओळ वाचून झाली की पुढची, तीही झाली की त्या पुढची, असा तो वरून खाली येतो. प्रत्येक स्तंभाखाली विद्युतसंकेताचे आकड्यात रूपांतर करणारे मंडल असते, पण त्या स्तंभातल्या सगळ्या ओळींना ते पाळीपाळीनेच वापरावे लागते. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत पोचायला लागणारा वेळ, म्हणजे वाचनवेळ, हा या प्रकरणातला कळीचा आकडा. जाहिरातीत तो कधी नसतो. अँड्रॉइडच्या कॅमेरा-व्यवस्थेत मात्र `SENSOR_ROLLING_SHUTTER_SKEW` या नावाने त्याची जागा राखलेली आहे, आणि तिथे तो नॅनोसेकंदांत लिहिला जातो.

हा आकडा घरी काढता येतो, आणि ज्याला चित्रीकरणाची आस्था आहे त्याने तो एकदा काढावाच. आपल्याकडे घरातली वीज ५० हर्ट्झची आहे. जुन्या चोकची ट्यूब किंवा साधा स्वस्त एलईडी दिवा या विजेवर सेकंदाला १०० वेळा उजळतो आणि मंदावतो. अशा एकाच दिव्याच्या उजेडात पांढऱ्या भिंतीसमोर फोन धरायचा, शटर हाताने ठरवता येईल असे ॲप उघडायचे आणि शटर १/१००० किंवा त्याहून जलद ठेवून चित्रीकरण करायचे. भिंतीवर काळसर पट्टे उमटतात. एका काळ्या पट्ट्यापासून पुढच्या काळ्या पट्ट्यापर्यंतचे अंतर म्हणजे १० मिलिसेकंद. चौकटीत अशी अडीच अंतरे मावली, तर दिसणारे चित्र वाचायला २५ मिलिसेकंद लागले. पट्टे उमटलेच नाहीत, तर त्या दिव्याचे मंडल चांगले आहे असे समजून दुसरा दिवा शोधावा. याच प्रयोगात आणखी एक गोष्ट कळते. पट्टे ज्या दिशेला आडवे पडतात, त्याच दिशेला सेन्सरच्या ओळी असतात. फोनमध्ये त्या बहुधा चौकटीच्या लांब बाजूला समांतर असतात. याचा उपयोग पुढे येईल.

आता एक दृश्य मोजून पाहू. पुण्यात लक्ष्मी रस्त्यावर विसर्जनाच्या मिरवणुकीत ढोलपथक उभे आहे. समोर ढोलांची रांग, उजव्या हाताला ध्वज घेतलेली मुले. फोन आडवा धरून एका सेकंदात ९० अंश उजवीकडे फिरवला. मुख्य लेन्सला स्थिरीकरणाची कात्री लागल्यावर साधारण ६० अंशांचा पट्टा दिसतो असे धरू. चित्र १९२० पिक्सेल रुंद आणि १०८० पिक्सेल उंच आहे, म्हणजे एका अंशाला ३२ पिक्सेल. वाचनवेळ २५ मिलिसेकंद असेल, तर तेवढ्यात फोन सव्वादोन अंश फिरला आणि ध्वजाच्या काठीचे खालचे टोक वरच्या टोकापेक्षा ७२ पिक्सेल डावीकडे नोंदले गेले. चौकटीच्या पूर्ण उंचीची काठी असेल, तर ती जवळजवळ चार अंश कललेली दिसते. वाचन वरून खाली होत असेल, तर काठी पॅनच्या दिशेलाच झुकते; फोन उलटा आडवा धरला तर विरुद्ध दिशेला. तिप्पट झूमच्या लेन्सवर तोच पॅन मारला तर सरक २१६ पिक्सेलवर जाते आणि कल अकरा अंशांच्या पुढे. वाचनवेळ तेवढाच राहिला तरी हे होते, कारण त्या लेन्समध्ये अंश मोठा दिसतो.

नुसता कल एवढाच प्रश्न असता, तर डोळ्याने तो पॅनच्या घाईत माफ केला असता. पण हाताने मारलेला पॅन कधीच एका वेगाने होत नाही. सुरुवातीला काठी सरळ असते, मग कलत जाते. शेवटी हात ठरवल्या जागेच्या थोडा पुढे जातो आणि मागे येतो. त्या क्षणी काठी दुसऱ्या बाजूला कलते. चौकटीगणिक कल बदलत राहिला की लिबलिबाट दिसतो. त्यात सॉफ्टवेअरचे स्थिरीकरण प्रत्येक चौकट नुसती अख्खी सरकवून जागेवर आणत असेल, तर आणखी विचित्र दिसते: दृश्य थांबलेले आणि आतली काठी मात्र डोलते आहे. लेन्स हलवून धक्के शोषणारी यंत्रणाही लांब पॅनमध्ये आपल्या मर्यादेच्या कडेला जाऊन पोचते आणि तिथून मध्याकडे परतताना स्वतःचा वेगळा झटका देते. मोटारसायकलच्या हँडलवर फोन लावला की जे दिसते ते याहून निराळे. ५० हर्ट्झची थरथर २० मिलिसेकंदांत पूर्ण फेरा करते, म्हणून एका चौकटीतच काठी नागमोडी होते. काठी सरळच राहून कलते आहे की वाकते आहे, एवढे पाहिले तरी दोष पॅनचा आहे की कंपनाचा, हे सांगता येते.

उपायांत सर्वांत जास्त गोंधळ शटर स्पीडचा आहे. शटर जलद केले की कल जाईल, असा सल्ला सर्रास दिला जातो आणि तो चुकीचा आहे. शटर स्पीड म्हणजे एका ओळीला किती वेळ उजेड मिळतो. पहिली आणि शेवटची ओळ यांतले अंतर त्याने बदलत नाही. उलट १/१००० ला त्या काठीची कड जेमतेम तीन पिक्सेल फिसकटते आणि चार अंशांचा कल कोरून काढल्यासारखा स्पष्ट दिसतो. १/५० ला तीच कड सुमारे ५८ पिक्सेल पसरते आणि कल त्या धूसरपणात बराचसा विरघळतो. भर दुपारच्या मिरवणुकीचे चित्रण संध्याकाळच्या चित्रणापेक्षा जास्त लिबलिबीत का वाटते, याचे उत्तर इथे आहे. फोनच्या मुख्य लेन्सचे छिद्र बहुधा ठरावीक मापाचे असते, त्यामुळे कडक उन्हात उजेड आवरायला फोन शटर फार जलद करतो. लेन्सवर एनडी फिल्टर लावून शटर १/५० च्या आसपास आणले तर चित्र पुष्कळ सुसह्य होते. दोष मात्र तिथेच असतो, फक्त झाकलेला.

दोष खरोखर कमी होतो तो वाचनवेळ कमी झाल्यावर. यासाठी बहुतेक फोनमध्ये एक साधी किल्ली आहे: फ्रेम रेट. सेकंदाला ३० चौकटी घेताना सेन्सरला वाचायला ३३ मिलिसेकंदांपर्यंत मुभा असते. ६० घेताना हीच मुभा १६.७ वर येते, १२० ला ८.३ वर. पुढची चौकट येण्याआधी आधीची वाचून संपवावीच लागते. म्हणून १२० वर तोच ९० अंशांचा पॅन मारला, तर ती काठी फार तर २४ पिक्सेल सरकते, म्हणजे सव्वा अंशाच्या आसपास कलते. मग संकलनात चारांतली एकच चौकट ठेवून नेहमीच्या ३० च्या गतीला येता येते. किंमत चुकवावी लागते, हेही खरे. एवढ्या वेगाने वाचण्यासाठी पुष्कळ फोन ओळी गाळतात किंवा शेजारचे पिक्सेल एकत्र करतात आणि बारकावा जातो. शिवाय १२० वर शटर १/१२० पेक्षा मंद ठेवता येत नाही, म्हणून रात्री चित्र रवाळ होते आणि दिव्यांचे पट्टेही दिसू लागतात. माझ्या मते दिवसा पॅन मारायचा असेल तर ६० वर ठेवणे हा सर्वांत शहाणा व्यवहार आहे. मात्र तुमच्या फोनमध्ये ६० वर वाचनवेळ खरेच घटतो का, हे भिंतीवरचे पट्टे पाहून ठरवावे. एखादा सेन्सर ३० वरही आधीच तेवढ्याच वेगाने वाचत असतो.

सगळी चौकट एका क्षणी टिपणारे ग्लोबल शटर का लावत नाहीत, असे कुणी विचारील. त्यासाठी प्रत्येक पिक्सेलजवळ आपला उजेड साठवून ठेवायला जागा लागते. फोनच्या सेन्सरवर पिक्सेल एक मायक्रोमीटरच्या आसपासचा असतो. तिथे साठवणीला दिलेली जागा उजेडाच्या वाट्यातून जाते. सोनीने २०१७ मध्ये दुसरा रस्ता धरला. फोनच्या सेन्सरच्या पोटातच डीरॅम स्मृतीचा थर घातला आणि १९.३ मेगापिक्सेलचे चित्र १/१२० सेकंदात वाचून तिथे ठेवले. ओळी पाळीपाळीनेच वाचल्या जातात, पण वाचन बाहेरच्या संथ वाहिनीसाठी खोळंबत नाही.

फोन उभा धरणाऱ्यांना एक सवलत आपोआप मिळते. उभ्या फोनमध्ये सेन्सरच्या ओळीही उभ्या होतात आणि वाचन डावी-उजवीकडे चालते. त्यामुळे आडव्या पॅनमध्ये ध्वजाची काठी कलत नाही. त्याऐवजी दृश्य पॅनच्या दिशेनुसार रुंदावते किंवा आखडते. वरच्याच हिशेबात हा फरक साधारण पंधराव्या हिश्शाइतका होतो: ढोलाचे तोंड किंचित लांबट दिसेल, पण काठी काठीच राहील. चालत चित्रण करताना मात्र बाजू उलटते. पावलागणिक फोन वरखाली होतो आणि उभ्या चित्रात बाल्कनीचे कठडे तिरपे होऊ लागतात.

चित्रण झाल्यावरची दुरुस्ती जायरोस्कोपवर उभी आहे. फोनमध्ये तो पहिल्यांदा २०१० च्या आयफोन ४ मध्ये आला, आणि पुढच्याच वर्षी स्टॅनफर्डमध्ये अलेक्झांडर कार्पेंको व सहकाऱ्यांनी त्याच फोनवर मार्ग दाखवला. चौकट अख्खी न हलवता, तिची प्रत्येक ओळ ज्या क्षणी वाचली गेली त्या क्षणी फोन किती वळला होता हे जायरोच्या नोंदीवरून काढायचे आणि ती ओळ तेवढीच मागे फिरवायची. आज हेच काम Gyroflow हे मोफत सॉफ्टवेअर संगणकावर करते. त्यात वाचनवेळ भरण्याचा रकाना आहे. भिंतीवर मोजलेला आकडा इथे कामी येतो. तो कमी पडला तर पॅन थांबताना काठी थोडी डोलतच राहते, जास्त झाला तर उलटीकडे डोलते. दोन्ही बाजूंनी करून पाहत काठी स्थिर होईपर्यंत आकडा जुळवायचा.

यासाठी लेन्स हलवणारे स्थिरीकरण चित्रणाच्या वेळी बंद असावे लागते. लेन्स किती सरकली हे जायरोला दिसत नाही, आणि ओळी चुकीच्या जागी फिरवल्या जातात. गूगलने पिक्सेल २ मध्ये लेन्सची हालचालही हिशेबात धरली होती, पण ती नोंद प्रत्येक फोन बाहेरच्या सॉफ्टवेअरला देत नाही. फोनचे सॉफ्टवेअर-स्थिरीकरणही बंदच हवे, नाहीतर एकदा वळवलेल्या ओळी पुन्हा वळवल्या जातील. इतके करूनही जायरो फक्त फोनचे वळणे सांगतो, फोनचे सरकणे किंवा समोरच्या माणसाची हालचाल नाही. दूरच्या वाड्याच्या कडा त्यामुळे सरळ होतात, पण हाताच्या अंतरावरून झांज वाजवत जाणारा मुलगा कललेलाच राहतो. त्याच्यासाठी फोन त्याच्याच वेगाने फिरवावा. चौकटीत तो जागच्या जागी राहिला की वाचनवेळ कितीही असो, तो सरळ दिसतो.