दर नाकारला, पुरवठादार नाही

समजा, भोसरीच्या एमआयडीसीत पंप बनवणारा एक कारखाना आहे. त्याला पाच पदरी पुठ्ठ्याच्या पाच हजार पेट्या हव्या आहेत. परचेसवाल्यानं तिघांकडून कोटेशनं मागवली. कोल्हापूरच्या पुरवठादाराचा दर आला पेटीमागे ४५ रुपये, गाडीभाडं वेगळं. चाकणच्या एकाचा दर ४३ रुपये, माल दारात पोच. तिसरा या दोघांपेक्षा महाग होता.

कागदावर फरक दोनच रुपयांचा दिसतो. पण पेट्या घडी घालून आल्या तरी जागा खातात. कोल्हापूरहून गाडीचे ११ हजार धरले, तर पेटीमागे २ रुपये २० पैसे वाढतात. म्हणजे पेटी दारात पडेपर्यंत ४७ रुपये २० पैसे झाले, आणि पाच हजारांवर २१ हजारांचा फरक पडला. जीएसटीचा परतावा दोन्हीकडे मिळतो, म्हणून तो या हिशोबात धरलेला नाही. तुलनेचा तक्ता भरला, साहेबांची सही झाली, ऑर्डर चाकणला गेली.

आता कोल्हापूरला काय कळवायचं? बऱ्याच ठिकाणी काहीच कळवत नाहीत. चार फोन आले की ‘बघतो, कळवतो’ म्हणायचं आणि विषय संपवायचा. काही जण एका ओळीचं पत्र धाडतात, ‘आपले कोटेशन विचारात घेता येत नाही’. माझ्या मते हे पत्र न पाठवण्यापेक्षा वाईट. समोरच्याला वाटतं, आपला नमुनाच नापास झाला. नमुना तर पास झालेला असतो. पुठ्ठा किती दाबाला फाटतो याची चाचणी झालेली असते, कारखान्याचा क्वालिटीवाला त्याचं युनिट बघून आलेला असतो, व्हेंडर कोड पडलेला असतो. हे सगळं नव्यानं करायचं तर महिने जातात. चाकणवाल्याचं मशीन बंद पडलं किंवा कागदाचे भाव चढून त्यानं दर वाढवून मागितला, तर त्या दिवशी हाच कोल्हापूरकर हाताशी लागणार असतो.

म्हणून पत्र साधारण असं असावं:

‘स. न. वि. वि. पाच पदरी पेट्यांसाठीचे आपले कोटेशन मिळाले. नमुना आमच्या चाचणीत उत्तीर्ण आहे. मात्र वाहतुकीसह आपला दर या वेळी सर्वात कमी न ठरल्याने ही ऑर्डर आपणास देता येत नाही. नाकारण्याचे कारण केवळ दर आहे. आपले नाव मंजूर पुरवठादारांच्या यादीत कायम असून पुढील चौकशी आपणास पाठवली जाईल. यात ऑर्डरची हमी अभिप्रेत नाही. पोच दर देणे शक्य असल्यास पुढील वेळी तसा द्यावा.’

यातलं शेवटचं वाक्य सगळ्यात कामाचं. आपण कुठे अडलो हे पुरवठादाराला त्यातून कळतं. पुण्याकडे येणाऱ्या दुसऱ्या मालासोबत पेट्या पाठवता येतील का, हे तो बघू शकतो. हमी नाही हेही स्पष्ट लिहावं, नाहीतर ‘पुढची ऑर्डर तुमचीच’ असा अर्थ काढून तो कागद भरून ठेवतो आणि मग भांडण होतं.

चाकणवाल्याचा आकडा मात्र पत्रात येता कामा नये. फोनवरही सांगू नये. ‘४३ ला देतोस का?’ असं विचारलं की तो कधीकधी हो म्हणतो, आणि ते दोन रुपये कागदातून काढतो. सगळे पदर १५० जीएसएमचे ठरले असताना १४० चे लावले, तर साधारण ७५० ग्रॅमची पेटी ७०० ग्रॅमवर येते. नुसत्या डोळ्यांना हे दिसत नाही, काट्यावर दिसतं. गोदामात खालच्या थरातल्या पेट्या दबायला लागल्या की मग सगळ्यांना दिसतं. सरकारी खरेदीत तर केंद्रीय दक्षता आयोगाच्या सूचनांप्रमाणे निविदा उघडल्यावर सहसा घासाघीस करतच नाहीत. अपवाद म्हणून केलीच, तरी ती फक्त सर्वात कमी दरवाल्याशी.

पत्र गेलं तरी एक काम उरतं. पुष्कळ कंपन्यांच्या सिस्टीममध्ये वर्ष-दोन वर्षं व्यवहार झाला नाही की व्हेंडर कोड आपोआप बंद होतो. यादीत नाव आहे, पण ऑर्डर टाकायला गेलं की कोड चालत नाही, अशी गत होते. त्यामुळे परचेसवाल्यानं त्या कोडपुढे ‘दरामुळे नाकारले, गुणवत्ता मान्य’ असा शेरा आणि तारीख टाकावी. पुढच्या खेपेला खरोखर चौकशी पाठवावी, पण फक्त तीन कोटेशनांचा आकडा पुरा करण्यासाठी नको. पुरवठादार हे दोन-तीन वेळांत ओळखतो, आणि मग मुद्दाम चढा दर टाकून मोकळा होतो.