नारळ: फळ, बी की ‘नट’?

बाजारातून आपण शेंडीचा नारळ आणतो, तेव्हा त्याचं अर्धं फळ आधीच उतरलेलं असतं. झाडावरच्या नारळाला बाहेरून गुळगुळीत साल असते, तिच्याखाली काथ्याचं जाड सोडण आणि त्याच्या आत करवंटी. आंब्याची साल, गर आणि कोयीचं टणक कवच यांचा क्रमही हाच. अशा फळाला वनस्पतिशास्त्रात अश्मगर्भी फळ म्हणतात. आंब्यात मधला थर रसाळ असतो, नारळात तंतूंचा, एवढाच फरक.

करवंटीच्या आत असते ती बी. खोबऱ्याला चिकटलेली तपकिरी पातळ साल हे बीचं आवरण, तर खोबरं आणि पाणी हा रोपासाठी साठवलेला आहार. करवंटीवरच्या तीन डोळ्यांपैकी एक मऊ असतो. त्याच्याखाली इवलासा गर्भ असतो आणि कोंब तिथूनच बाहेर पडतो. म्हणजे अख्खा नारळ हे फळ आणि आपण खातो तो बीचा भाग. वनस्पतिशास्त्राच्या व्याख्येत बसणारा ‘नट’ म्हणजे हेझलनट. नारळ तसा नाही.

मग नटची ॲलर्जी असलेल्याने नारळ निर्धास्त खावा का? फळाच्या प्रकारावरून हे ठरत नाही. बदाम आणि काजूही त्या व्याख्येत नट नाहीत, तरी ‘ट्री नट’ ॲलर्जीच्या यादीत ते ठळकपणे आहेत. शरीर ओळखतं ती प्रथिनं. नारळाची काही प्रथिनं अक्रोडासारख्या नटांतल्या प्रथिनांशी मिळतीजुळती असल्यामुळे मोजक्या लोकांना दोन्ही बाधतात. पण नटची ॲलर्जी असलेल्या बहुतेकांना नारळ चालतो.

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 2006 पासून नारळ ट्री नटमध्ये धरला होता. जानेवारी 2025 मध्ये तो यादीतून काढला. युरोपीय संघाच्या यादीत तो नाहीच.

समजा, तिथल्या एका बिस्किटात खोबरं आहे, पण काजू-बदाम नाहीत. पूर्वी पाकिटावरच्या ॲलर्जीच्या इशाऱ्यात नारळाचा ट्री नट म्हणून उल्लेख असू शके. आता तशी गरज नाही. नारळ फक्त घटकांच्या यादीत दिसतो. काजूची ॲलर्जी असलेल्याचा गोंधळ त्यामुळे कमी होतो. मात्र ज्याला नारळाचीच ॲलर्जी आहे, त्याने केवळ इशारा पाहून भागणार नाही, सगळे घटक वाचायला हवेत. ही ॲलर्जी दुर्मीळ असली तरी तीव्र असू शकते. खाल्ल्यावर लगेच अंगावर पित्त उठणं, ओठ सुजणं, उलटी किंवा धाप लागणं ही तिची लक्षणं; श्वास अडकत असेल तर तातडीने रुग्णालय गाठावं.

नटची ॲलर्जी असूनही आजवर नारळ बिनत्रास खाल्ला असेल, तर तो सोडण्याचं कारण नाही. कधीच खाल्ला नसेल, तर आधी ॲलर्जीतज्ज्ञांना विचारावं. नुसती रक्तचाचणी पॉझिटिव्ह आली म्हणजे ॲलर्जी आहेच असं नाही. खाल्ल्यावर काय होतं, हेही डॉक्टर विचारात घेतात. आणि आपल्याकडच्या नारळाच्या वडीत किंवा मोदकाच्या सारणात पुष्कळदा काजू-बदामाचे तुकडे असतात. नट वर्ज्य असलेल्याने नारळापेक्षा त्यांची चौकशी आधी करावी.