पाच टक्के, पण कशाचे?

देवगडच्या एका आंबा बागायतदाराची गोष्ट घेऊ. माणूस मनातला आहे आणि आकडे हिशेबाला सोपे जावेत म्हणून गोल केलेले आहेत. अहवाल मात्र खरोखर मिळतात तसाच. हंगामात पेट्या थेट गिऱ्हाइकाला पाठवायच्या म्हणून त्याने वेबसाइट काढली आणि इंटरनेटवरच्या जाहिराती एका तरुणाकडे सोपवल्या. पहिल्या आठवड्याचा अहवाल आला. चार कॅम्पेन, प्रत्येकाचा क्लिकचा दर आणि खाली ठळक अक्षरात ‘सरासरी सीटीआर ५ टक्के’. म्हणजे शंभर वेळा जाहिरात दिसली, तर पाच वेळा कुणीतरी तिच्यावर बोट टेकवलं.

बागायतदार डझनाच्या हिशेबात मुरलेला. जाहिरात एकूण दोन लाख वेळा दिसली, असं त्याच अहवालात लिहिलं होतं. दोन लाखांचे पाच टक्के म्हणजे दहा हजार. पण क्लिकच्या रकान्याची बेरीज होत होती ३,२८०. उरलेले ६,७२० क्लिक कुठे गेले? कुठेही गेले नव्हते, कारण ते मुळात झालेच नव्हते.

| कॅम्पेन | दिसली | क्लिक | दर |
|---|---|---|---|
| बागेचं नाव शोधणारे | २,००० | २४० | १२% |
| ‘हापूस आंबा’ शोधणारे | ३०,००० | १,२०० | ४% |
| इन्स्टाग्रामवरची रील | १,६०,००० | १,६०० | १% |
| गेल्या वर्षीचे ग्राहक | ८,००० | २४० | ३% |

बारा, चार, एक आणि तीन यांची बेरीज वीस, भागिले चार, पाच. बेरीज चुकली नाही, भागाकारही नाही. चुकलं ते एवढंच, की दोन हजार वेळा दिसलेल्या जाहिरातीला आणि एक लाख साठ हजार वेळा दिसलेल्या जाहिरातीला सारखंच मत दिलं गेलं. शाळेच्या निकालात हे लगेच खटकलं असतं. अ तुकडीत दहा मुलं, दहाही पास. ब तुकडीत नव्वद मुलं, पास पंचेचाळीस. एका तुकडीचा निकाल शंभर टक्के, दुसरीचा पन्नास. म्हणून शाळेचा निकाल पंचाहत्तर टक्के लागला, असं सांगणाऱ्या मुख्याध्यापकांना पालकांनी तिथेच थांबवलं असतं. शंभरातली पंचावन्न पास, म्हणजे पंचावन्न टक्के.

जाहिरातींतही तेच करायचं. दरांची सरासरी काढायची नाही. वरच्या आकड्यांची बेरीज, खालच्या आकड्यांची बेरीज आणि मग एकदाच भागाकार. ३,२८० भागिले २,००,००० म्हणजे १.६४ टक्के. गूगलच्या जाहिरात खात्यात तळाची बेरजेची ओळ हा हिशेब बरोबरच दाखवते. घोळ होतो तो आकडे एक्सेलमध्ये उतरवून घेतल्यावर. टक्क्यांचा रकाना समोर असतो, हात सवयीने AVERAGE कडे जातो. दिसण्याचा रकाना B आणि क्लिकचा C असेल, तर लिहायचं ते असं:

```
=SUM(C2:C5)/SUM(B2:B5)
```

कधी समोरचा माणूस क्लिकचा आकडा देत नाही, फक्त दर आणि दिसण्याची संख्या देतो. मग D रकान्यातल्या प्रत्येक दराला त्याच्या संख्येने गुणायचं, गुणाकारांची बेरीज करायची आणि एकूण संख्येने भागायचं. उत्तर तेच येतं. यालाच भारित सरासरी म्हणतात:

```
=SUMPRODUCT(B2:B5,D2:D5)/SUM(B2:B5)
```

भार कशाचा द्यायचा, हे मात्र विचारून घ्यावं लागतं. क्लिकच्या दरात भागाकाराच्या खाली ‘किती वेळा दिसली’ ही संख्या असते, म्हणून तिचा भार. पुढची पायरी कन्व्हर्जनची, म्हणजे क्लिक करून आलेल्यांपैकी किती जणांनी पेटी मागवली. इथे खाली क्लिक असतात, तेव्हा भार क्लिकचा. आपल्या बागायतदाराला नाव शोधणाऱ्यांकडून ४८ ऑर्डरी आल्या (२० टक्के), हापूस शोधणाऱ्यांकडून ६० (५ टक्के), रीलमधून १६ (१ टक्का) आणि जुन्या ग्राहकांकडून २४ (१० टक्के). साधी सरासरी ९ टक्के. खरा दर १४८ भागिले ३,२८०, म्हणजे ४.५ टक्के. आणि कुणी जुनंच सूत्र ओढून दिसण्याच्या संख्येचा भार दिला, तर उत्तर येतं २.१५ टक्के. भार दिला म्हणून ते शास्त्रशुद्ध दिसतं, पण असतं चुकीचंच. साध्या सरासरीपेक्षा मला या चुकीची जास्त धास्ती वाटते, कारण ती पकडायला कुणी जात नाही.

इथवरचं गणित सातवीतलं. खरी गंमत दुसऱ्या आठवड्यात आहे.

दुसऱ्या आठवड्यात तरुणाने वेबसाइटवरचा ऑर्डरचा फॉर्म छोटा केला आणि रीलवर जास्त पैसे लावले. चारही कॅम्पेनचा कन्व्हर्जनचा दर वाढला. नाव शोधणारे २० वरून २२ टक्क्यांवर गेले (२५० क्लिक, ५५ ऑर्डरी), हापूस शोधणारे ५ वरून ६ वर (१,२०० क्लिक, ७२ ऑर्डरी), रील १ वरून दीडवर (६,००० क्लिक, ९० ऑर्डरी), जुने ग्राहक १० वरून ११ वर (२०० क्लिक, २२ ऑर्डरी). आता बेरीज करू. क्लिक ७,६५०, ऑर्डरी २३९, दर ३.१ टक्के. गेल्या आठवड्यात तो ४.५ होता. चारही पोरं वरच्या नंबरात गेली आणि घराचा निकाल मात्र खाली आला.

यात हातचलाखी नाही. रीलमधून येणारा माणूस सहज बोट टेकवून आलेला असतो, तो पूर्वीही फारसा विकत घेत नव्हता. गेल्या आठवड्यात क्लिकमध्ये त्याचा वाटा निम्म्याच्या आत होता, या आठवड्यात तो अठ्ठ्याहत्तर टक्के झाला. ताकात पाणी वाढलं, तर आधीच्या ताकाचा आंबटपणा थोडा वाढूनही पेल्यातलं ताक पातळच लागणार. म्हणून भारित सरासरी काढली की काम संपलं, असं नाही. तिच्यात दोन गोष्टी मिसळलेल्या असतात: प्रत्येक कॅम्पेन कसं चाललं आणि कुठल्या कॅम्पेनचा वाटा किती होता.

त्या सुट्या करण्याची एक जुनी युक्ती लोकसंख्याशास्त्रात रुळलेली आहे. ज्या प्रदेशात म्हातारी माणसं जास्त, तिथला मृत्युदर जास्त दिसतोच. म्हणून दोन प्रदेशांची तुलना करताना दोन्हीकडे वयांची विभागणी एकच धरतात. आपणही तसंच करू. दर नवे घ्यायचे, भार मात्र पहिल्या आठवड्यातल्या क्लिकचा ठेवायचा. २४० चे २२ टक्के, १,२०० चे ६ टक्के, १,६०० चे दीड टक्का आणि २४० चे ११ टक्के, मिळून साधारण १७५ ऑर्डरी. त्याला ३,२८० ने भागलं की ५.३ टक्के. म्हणजे येणाऱ्यांचं मिश्रण तेच राहिलं असतं, तर दर ४.५ वरून ५.३ वर चढला असता. फॉर्म छोटा केल्याच्या आठवड्यात कामगिरी सुधारली. ५.३ वरून ३.१ पर्यंतची उतरण फक्त मिश्रण बदलल्याची.

या उलट्या खेळाचं सगळ्यांत बोलकं खरं उदाहरण जाहिरातींतलं नाही, मुतखड्याचं आहे. ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये १९८६ साली उपचारांची एक तुलना छापून आली. उघडी शस्त्रक्रिया ३५० पैकी २७३ रुग्णांत यशस्वी झाली, ७८ टक्के. पाठीला बारीक छिद्र पाडून खडा काढण्याची नवी पद्धत ३५० पैकी २८९ जणांत, ८३ टक्के. नवी पद्धत सरस, असंच कुणीही म्हणेल. पण खड्यांच्या आकाराप्रमाणे रुग्ण वेगळे केले, तर लहान खड्यांत उघडी शस्त्रक्रिया ९३ टक्के आणि नवी ८७, मोठ्या खड्यांत उघडी ७३ आणि नवी ६९. दोन्ही गटांत जुनीच पुढे! उघड्या शस्त्रक्रियेच्या वाट्याला मोठे, अवघड खडे जास्त आले होते, ३५० पैकी २६३. नव्या पद्धतीकडे बहुतेक लहान खडेवाले, ३५० पैकी २७०. दोन्ही उपचारांना सातशे रुग्णांचं एकच मिश्रण दिल्याचं धरून वरचाच हिशेब केला, तर उघड्या शस्त्रक्रियेचे साधारण ८३ टक्के येतात आणि नव्या पद्धतीचे ७८. आकडे जणू खुर्च्या बदलून बसतात. संख्याशास्त्रात याला सिम्पसनचा विरोधाभास म्हणतात, एडवर्ड सिम्पसन यांच्या १९५१ च्या लेखावरून. पण तिथेही डॉक्टरांनी कोणत्या रुग्णाला कोणता उपचार दिला, हे चिठ्ठ्या टाकून ठरलेलं नव्हतं. आकार वेगळा केला तरी रुग्णांतले बाकीचे फरक उरतातच.

गटांत फोडण्यालाही मर्यादा आहे. दहा क्लिकमधून दोन ऑर्डरी आल्या, तर कागदावर २० टक्के लिहिलं जातं. पण एवढ्याशा नमुन्यावरून खरा दर ६ टक्क्यांपासून ५१ टक्क्यांपर्यंत कुठेही असू शकतो. साध्या सरासरीत असलं एक चिमुकलं कॅम्पेन सगळ्यांना वर ओढून नेतं. भार दिला की ते आपोआप गप्प बसतं. गटवार तुलनेत मात्र ते पुन्हा डोकं वर काढतं, म्हणून तिथे टक्क्याच्या शेजारी क्लिकचा आकडा छापायलाच हवा.

दुसरी अडचण नावातली. फेसबुक आणि इन्स्टाग्रामच्या अहवालात ‘CTR (all)’ नावाचा एक रकाना असतो. त्यात लाइक, कमेंट, नावावर टेकवलेलं बोट, असलं सगळं धरलेलं असतं. वेबसाइटवर नेणाऱ्या लिंकवरच्या क्लिकचा दर वेगळ्या रकान्यात मिळतो. पहिला रकाना गूगलच्या दराशेजारी ठेवून भारित सरासरी काढली, तर सूत्र बरोबर असूनही उत्तराला अर्थ नसतो.

साधी सरासरी सदासर्वदा वाईट, असंही नाही. चाळीस दुकानांत तोच फलक लावला आणि ‘एखाद्या दुकानात साधारण काय घडतं’ हे जाणून घ्यायचं असेल, तर प्रत्येक दुकानाला एक मत देणं रास्त आहे. तिथे प्रश्न दुकानाचा आहे, गिऱ्हाइकांच्या एकूण संख्येचा नाही.

बागायतदाराचा प्रश्न मात्र पैशांचा होता. दर साडेचारवरून तीनवर आला, म्हणून रील बंद करायची का? समजा, रीलचा एक क्लिक चार रुपयांना पडतो. पहिल्या आठवड्यात १,६०० क्लिकना ६,४०० रुपये लागले आणि ऑर्डरी १६, म्हणजे एका ऑर्डरीमागे ४०० रुपये. दुसऱ्या आठवड्यात २४,००० रुपयांत ९० ऑर्डरी, म्हणजे २६७ रुपये. नुसत्या वाढीव खर्चाकडे पाहिलं, तर १७,६०० रुपयांत ७४ ऑर्डरी वाढल्या, एकीमागे २३८ रुपये. पुठ्ठा, गवत, कुरिअर आणि तोडणीची मजुरी वजा जाता पेटीमागे तीनशे रुपये सुटत असतील, तर पहिल्या आठवड्यातली रील तोट्यात होती आणि दुसऱ्या आठवड्यातली नफ्यात आहे. अहवालात ठळक छापलेल्या आकड्याने नेमकं उलटं सांगितलं असतं.